साठ नोंदींचा एक तास

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की नाशिक जिल्ह्यातली कोल्ड स्टोरेज रात्रंदिवस चालू असतात. निर्यातीचा माल बागेतून आला की आधी प्रीकूलिंगमध्ये त्याची उष्णता काढून घेतात आणि मग शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या खोलीत पेट्या रचून ठेवतात. खोली किती गार करायची यापेक्षा तो गारवा किती स्थिर ठेवायचा, हे काम जास्त नाजूक आहे. पेटीत द्राक्षावर ग्रेपगार्डचा कागद अंथरलेला असतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. त्याला ओल लागली की सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सुटतो आणि करड्या बुरशीला आवर घालतो. पण खोली मध्येच गरम होऊन पुन्हा गार झाली तर पेटीत दव धरतं, वायू गरजेपेक्षा लवकर सुटतो आणि मणी देठाकडच्या बाजूने पांढुरके पडतात. असा माल परदेशातल्या खरेदीदारापुढे पोचला, की खोलीचं तापमान नेमकं कधी आणि किती वेळ चढलं होतं, हे विचारलं जाणारच.

म्हणून खोलीत ठिकठिकाणी सेन्सर लावतात. एका कोल्ड स्टोरेजमध्ये १२ सेन्सर आहेत आणि प्रत्येक सेन्सर मिनिटाला एक नोंद पाठवतो, असं धरून चालू. एका सेन्सरच्या दिवसाला १,४४० नोंदी, बारा सेन्सरच्या १७,२८०, आणि वर्षभराच्या ६३ लाख ७ हजार २००. यातली एकेक नोंद अगदी लहान असते. कोणत्या सेन्सरने, किती वाजता, किती तापमान पाहिलं, एवढंच तिच्यात असतं. अशा, काळाच्या ओळीने येत राहणाऱ्या नोंदींच्या तक्त्याला टाइम सिरीज टेबल म्हणतात. पोस्टग्रेस या मोफत मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये तो असा उभा राहतो:

```sql
CREATE TABLE reading (
  ts        timestamptz NOT NULL,
  sensor_id integer     NOT NULL,
  temp_c    real        NOT NULL,
  PRIMARY KEY (sensor_id, ts)
);
```

यातला `ts` म्हणजे तापमान मोजलं ती वेळ. नोंद सर्व्हरवर पोचली ती वेळ इथे चालत नाही. हा फरक ग्रामीण भागात फार मोलाचा आहे. इंटरनेट दोन तास बंद पडलं तर सेन्सरला जोडलेलं यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवतं आणि लाइन आली की सगळ्या एकदम पाठवतं. पोचण्याची वेळ लिहिली, तर त्या १२० नोंदी एकाच मिनिटात मोजल्यासारख्या दिसतील. प्रायमरी की-चं कामही असंच साधं आहे. यंत्राने नोंद पाठवली पण सर्व्हरकडून पोच मिळाली नाही, तर ते तीच नोंद पुन्हा पाठवतं. सेन्सर तोच, वेळ तीच, म्हणून डेटाबेस दुसरी प्रत आत घेत नाही आणि कोणत्याही मिनिटाची मोजणी दोनदा होत नाही.

६३ लाख ओळी आजच्या कॉम्प्युटरला जड नाहीत. पोस्टग्रेसमध्ये या तक्त्यातली खरी माहिती ओळीला १६ बाइट भरते. ओळीचं व्यवस्थापन करायला डेटाबेस आणखी २८ बाइट घेतो, म्हणजे मालापेक्षा बारदानाचं वजन जास्त. इंडेक्ससह वर्षाचा पसारा अर्ध्या जीबीच्या आत राहतो. पण अशा १०० कोल्ड स्टोरेजची माहिती एखाद्या सेवा कंपनीकडे एकत्र येत असेल, तर वर्षाला ६३ कोटी ओळी होतात. शिवाय अडचण फक्त जागेची नसते. एका सेन्सरचा वर्षभराचा आलेख काढायचा म्हटलं की ५,२५,६०० नोंदी वाचाव्या लागतात आणि त्या दाखवायला पडद्याची रुंदी असते जेमतेम दोन हजार ठिपक्यांची. तासाला एक ओळ ठेवली, तर याच आलेखाला ८,७६० ओळी पुरतात. बारीक नोंदींवरून अशा जाड नोंदी करण्याला डाउनसॅम्पलिंग म्हणतात. दुकानदार रोजची कीर्द लिहितो आणि तिच्यावरून खतावणी तयार करतो, तसंच हे काम आहे.

फरक एकच, पण तो मोठा आहे. इथे खतावणी झाल्यावर काही महिन्यांनी कीर्द टाकून दिली जाते. डाउनसॅम्पलिंगचा सगळा हेतूच तो असतो. त्यामुळे तासाच्या ओळीत जे लिहिलं नाही, ते कायमचं गेलं. म्हणून त्या ओळीत काय लिहायचं, हे आधी नीट ठरवलं पाहिजे, आणि माझ्या मते नुसती सरासरी लिहिणं अजिबात पुरेसं नाही.

एका तासाचे आकडे घेऊन पाहू. सकाळी कंटेनर भरायला घेतला आणि खोलीचं दार पंधरा मिनिटं उघडं राहिलं. ४५ मिनिटं हवेचं तापमान ०.५ अंश होतं आणि १५ मिनिटं ६.५ अंश. बेरीज करा: ४५ गुणिले ०.५ म्हणजे २२.५, १५ गुणिले ६.५ म्हणजे ९७.५, एकूण १२०. साठाने भागल्यावर सरासरी येते २ अंश. दुसऱ्या एखाद्या खोलीत थर्मोस्टॅट चुकीचा लागला आणि तासभर तापमान २ अंशांवर स्थिर राहिलं, तर तिचीही सरासरी २ अंशच. पहिल्या खोलीत दमट हवा शिरून पेट्यांवर दव धरायची भीती, दुसरीत तसं काही घडलेलं नाही. दोन्ही तास तक्त्यात अगदी सारखे. मात्र सरासरीच्या शेजारी त्या तासातलं किमान आणि कमाल तापमान लिहिलेलं असेल, तर पहिल्या ओळीत कमाल ६.५ दिसतं आणि गोष्ट तिथेच उघड होते. दार किती मिनिटं उघडं होतं हे या दोन आकड्यांतून कळत नाही, पण त्या दिवसाच्या मूळ नोंदी अजून हाताशी असतील तर कुठे शोधायचं हे कळतं.

दुसरा धोका सेन्सरचा. अशा कामात डीएस१८बी२० हा स्वस्त सेन्सर सर्रास वापरतात. पूर्ण बारकाईने तापमान मोजायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. वीज सुरू झाल्या झाल्या त्याच्या स्मृतीत आधीच एक आकडा भरलेला असतो, ८५ अंश. मोजणी पुरी व्हायच्या आत कुणी वाचलं, किंवा वीज क्षणभर खाली येऊन सेन्सर पुन्हा सुरू झाला, तर उत्तर येतं ८५. वायर सुटली तर आणखी वेगळं घडतं. आर्दुइनोवर या सेन्सरसाठी नेहमी वापरली जाणारी लायब्ररी सेन्सर सापडला नाही की उणे १२७ हा आकडा देते. तो तापमान नसून ‘सेन्सर जागेवर नाही’ हा निरोप असतो. पण तक्त्याला ते माहीत नसतं, तो आकडा म्हणून निमूट लिहून घेतो.

मूळ नोंदींत हे दोन्ही आकडे लगेच डोळ्यांत भरतात. शून्याजवळच्या खोलीत ८५ अंश कसे असतील? पण तासाची सरासरी काढली की चूक लपते. ५९ नोंदी १ अंशाच्या आणि एक ८५ ची असेल, तर बेरीज १४४ आणि सरासरी २.४. हा आकडा कुणालाही खरा वाटेल, ऑपरेटर फार तर कॉम्प्रेसर तपासायला धावेल. ५९ नोंदी १ अंशाच्या आणि एक उणे १२७ ची असेल, तर सरासरी उणे १.१ च्या आसपास येते. आता द्राक्ष गोठेल की काय अशी धास्ती पडेल, आणि खोलीत प्रत्यक्षात काहीच बिघडलेलं नसेल. सरासरी काढण्याआधी अशक्य आकडे बाजूला काढले पाहिजेत, नंतर ते वेगळे करता येत नाहीत.

बाजूला काढायचे म्हणजे पुसायचे नाहीत. किती नोंदी बाद झाल्या तेही तासाच्या ओळीत लिहायचं. एखाद्या सेन्सरच्या बाद नोंदी आठवड्यागणिक वाढत असतील, तर त्याची जोडणी सैल होत चालली आहे हे दिसतं. किमान-कमालचाही इथे आणखी एक उपयोग होतो. कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर बंद-चालू होत असतो, त्यामुळे तापमान थोडं तरी हलतंच. एखाद्या सेन्सरच्या पाच-सहा तासांच्या ओळींमध्ये किमान आणि कमाल तंतोतंत एकच दिसत असेल, तर तो आकडा कुठेतरी अडकून बसला आहे. अशक्य आकड्यांची चाळणी त्याला पकडू शकत नाही, कारण आकडा शक्य कोटीतलाच असतो.

आता प्रश्न ‘तास’ कुठे सुरू होतो याचा. इतका साधा प्रश्न विचारायचं कुणाला सुचत नाही, आणि आपल्या देशात नेमकी तिथेच गफलत होते. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर चालतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. फरक पुरत्या तासांचा असता तर तासांच्या सीमा जुळल्या असत्या, पण आपल्या अर्ध्या तासामुळे त्या जुळत नाहीत. यूटीसीचा चार ते पाच हा तास आपल्याकडे सकाळी साडेनऊ ते साडेदहा असतो. दार दहाला उघडून सव्वादहाला बंद झालं, तर त्याची नोंद साडेनऊच्या तासात पडते. पडद्यावर नुसता ‘९’ दिसत असेल, तर नऊच्या पाळीतल्या माणसाकडे विनाकारण बोट जातं.

याहून मोठी अडचण दिवसाचा हिशेब करताना येते. तासांवरून दिवस करायचा म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचे २४ तास एकत्र करायचे. पण यूटीसीच्या अठरा ते एकोणीस या तासाची आपल्या घड्याळातली वेळ रात्री साडेअकरा ते साडेबारा. निम्मा तास आजचा, निम्मा उद्याचा. एकदा सरासरी काढल्यावर त्याचे दोन तुकडे होत नाहीत. मूळ नोंदी पुसल्या असतील, तर भारतीय वेळेचा खरा दिवस त्या तक्त्यातून पुन्हा कधीच मिळत नाही. पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून `date_trunc` या फंक्शनला वेळेचा पट्टा सांगता येतो, आणि तो प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावा. सर्व्हरच्या सेटिंगवर भिस्त ठेवली, तर सर्व्हर बदलला त्या दिवशी सगळे तास अर्ध्या तासाने सरकतात आणि कुठेही चूक दिसत नाही. माहिती अनेक देशांतून येत असेल, तर सरळ पंधरा मिनिटांच्या ओळी कराव्यात. त्या यूटीसीतही जुळतात आणि आपल्या वेळेतही. आपल्याकडे विजेच्या ग्रीडचा हिशेबही पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनीच चालतो, दिवसाचे ९६.

हे सगळं एकत्र केलं की तासाची ओळ तयार करणारा मजकूर असा होतो:

```sql
SELECT sensor_id,
  date_trunc('hour', ts, 'Asia/Kolkata') AS hour_start,
  count(*)            FILTER (WHERE ok)     AS n,
  count(*)            FILTER (WHERE NOT ok) AS bad,
  sum(temp_c::float8) FILTER (WHERE ok)     AS total,
  min(temp_c)         FILTER (WHERE ok)     AS lo,
  max(temp_c)         FILTER (WHERE ok)     AS hi
FROM (
  SELECT *, (temp_c BETWEEN -10 AND 50) AS ok
  FROM reading
  WHERE ts >= date_trunc('hour', now(), 'Asia/Kolkata')
              - INTERVAL '7 days'
) r
GROUP BY 1, 2;
```

यात सरासरी कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. बेरीज आणि नोंदींची संख्या आहे. सरासरी हवी तेव्हा एकाला दुसऱ्याने भागायचं. असं करण्याचं कारण म्हणजे सरासऱ्यांची सरासरी काढणं हा या क्षेत्रातला सगळ्यात सहज होणारा प्रमाद आहे. दहा ते अकरा या तासात ६० नोंदी आल्या, सरासरी १ अंश. अकरा ते बारा वीज गेली, बारा वाजायला सहा मिनिटं असताना परत आली, आणि सहा नोंदी मिळाल्या, सरासरी ६ अंश. दोन सरासऱ्यांची सरासरी ३.५ येते. बेरजांची बेरीज करून संख्येने भागलं, तर ९६ भागिले ६६, म्हणजे साधारण १.४५.

दुसरी रीत गणिताने बरोबर आहे, ती मिळालेल्या सगळ्या नोंदींची सरासरी आहे. पण खोलीत त्या दोन तासांत काय होतं, याचं उत्तर तीही देत नाही. वीज नव्हती ती ५४ मिनिटं कॉम्प्रेसर बंद होता, खोली हळूहळू तापत होती, आणि नेमक्या त्या मिनिटांची नोंदच नाही. १.४५ हा आकडा ती मिनिटं झाल्याच नाहीत असं धरून चालतो. म्हणून इथे `n` हा आकडा सरासरीइतकाच महत्त्वाचा ठरतो. साठांपैकी सहाच नोंदी असलेल्या तासाची सरासरी आलेखात दाखवूच नये, तिथे मोकळी जागा सोडावी आणि रेघ जोडू नये. ही समज जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या टोबियास ओटिकर यांनी १९९९ साली आणलेल्या आरआरडीटूल या प्रणालीत टप्प्यातल्या किती नोंदी गहाळ चालतील, हे तक्ता बनवतानाच सांगावं लागतं, आणि मर्यादा ओलांडली की त्या टप्प्याचं उत्तर ‘माहीत नाही’ असं लिहिलं जातं. सरासरीच्या जोडीला किमान आणि कमाल जपायची सोयही त्यात पहिल्यापासून होती.

तापमानाला बेरीज-भागाकार चालतो, म्हणून तो सगळ्यालाच चालेल असं नाही. बागेतल्या हवामान केंद्रावर पावसाची तासाची बेरीज ठेवायची असते, सरासरी नव्हे. वाऱ्याच्या दिशेचं तर आणखी वेगळं आहे. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेचे वारे, पण साधी सरासरी काढली तर १८० अंश येतात, म्हणजे वारा थेट दक्षिणेचा ठरतो. तिथे प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन भाग करून त्यांची वेगवेगळी सरासरी काढावी लागते.

वरच्या मजकुरात सात दिवस मागे जाण्याचं प्रयोजन उशिरा येणाऱ्या नोंदींमध्ये आहे. बाराचा ठोका पडला, अकराच्या तासाची ओळ लिहिली, आणि विषय संपला असं होत नाही. इंटरनेट नव्हतं म्हणून अडकलेल्या नोंदी तीनला येतात आणि अकराचा तास बदलतो. म्हणून दर तासाला गेल्या सात दिवसांच्या ओळी नव्याने काढून आधीच्या ओळींवर लिहाव्यात. कुठल्या खेड्यात लाइन किती दिवस बंद राहते, त्यावर हे सात दिवस कमी-जास्त करावेत. मजकुरात `now()` तासाच्या सीमेवर आणून मगच सात दिवस वजा केले आहेत, तेही मुद्दाम. तसं केलं नाही तर सात दिवसांपूर्वीचा पहिला तास अर्धवट मोजला जाईल आणि आधीची पूर्ण ओळ खोडून तिच्या जागी अर्धी ओळ बसेल.

२०१७ साली आलेल्या टाइमस्केलडीबीसारख्या पोस्टग्रेसच्या जोडप्रणाली हे काम ठरलेल्या वेळी आपोआप करतात आणि फक्त बदललेले तासच पुन्हा मोजतात. तिच्या `time_bucket` फंक्शनलाही वेळेचा पट्टा सांगायला विसरू नये, नाहीतर तिथेही यूटीसीचेच तास पडतात. तिच्यात एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. जुन्या नोंदी ९० दिवसांनी पुसण्याचा नियम लावला आणि तासांच्या ओळी ताज्या करण्याचा आवाका मात्र वर्षभराचा ठेवला, तर प्रणाली चार महिन्यांपूर्वीचे तास मोजायला जाते, तिथे मूळ नोंदी नाहीत असं पाहते, आणि तासांच्या ओळीही काढून टाकते. जपायच्या म्हणून केलेल्या ओळीच अशाने जातात. ताजं करण्याचा आवाका नेहमी पुसण्याच्या मुदतीपेक्षा बराच आखूड हवा. इथे सात दिवस आणि नव्वद दिवस आहेत, म्हणून चिंता नाही.

नव्वद दिवस का? कारण माल समुद्रमार्गे युरोपात पोचायला काही आठवडे लागतात, त्यानंतर तपासणी आणि तक्रार, आणि तोवर मिनिटामिनिटाच्या नोंदी हाताशी असायला हव्यात. पुसताना लाखो ओळी एकेक करून `DELETE` करू नयेत. पोस्टग्रेस त्यांची जागा लगेच मोकळी करत नाही आणि बराच वेळ डेटाबेस त्याच कामात गुंततो. त्याऐवजी तक्ता सुरुवातीलाच महिन्यावार भागांत विभागून ठेवला, तर जुना महिना एका `DROP TABLE` ने क्षणात जातो. महिन्याच्या सीमाही अर्थात भारतीय वेळेच्याच ठेवायच्या.

तो हुकूम देण्याआधी एक ताळा घ्यावा. त्या महिन्याच्या तासांच्या ओळींमधले `n` आणि `bad` यांची बेरीज करायची आणि मूळ तक्त्यातल्या त्याच महिन्याच्या ओळी मोजायच्या. बाराही सेन्सर ३१ दिवस अखंड चालले असतील तर दोन्हीकडे ५,३५,६८० यायला हवेत. वीज-इंटरनेटच्या खोळंब्यामुळे आकडा कमी असेल, पण तो दोन्हीकडे एकच असला पाहिजे. तासांकडचा आकडा लहान आला, तर काही नोंदी सात दिवसांहून उशिरा आल्या आणि कुठल्याच तासात धरल्या गेल्या नाहीत. अशा वेळी आधी तो महिना पुन्हा मोजून घ्यावा आणि आकडे जुळेपर्यंत मूळ नोंदींना हात लावू नये.